विषय: कोथरूडचा फ्लॅट विकतोय, कर कोणत्या किमतीवर?

मेधा, एडिसन | 4 ऑक्टोबर 2025

नमस्कार मंडळी,

बाबांनी 1988 साली कोथरूडला 2 लाख 10 हजारांना फ्लॅट घेतला होता. बाबा 2009 मध्ये गेले, आई फेब्रुवारी 2023 मध्ये. आता धाकटा भाऊ (पुण्यातच असतो) आणि मी तो विकतोय. सौदा 1 कोटीचा ठरतोय, दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. मी अमेरिकेची नागरिक आहे. आम्ही दोघांनी या घरासाठी एक पैसाही मोजलेला नाही. मग नफा कशातून काय वजा करून काढायचा? आणि इथे वेगळा कर लागेल का? नोव्हेंबरमध्ये खरेदीखत करायचं म्हणताहेत.

मेधा

विनायक, प्रिन्स्टन | 4 ऑक्टोबर

मेधा, थोडी थांब. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तुमची नावं कधी चढली? तिथून 24 महिने मोजायचे. ते भरले नसतील तर अल्पमुदतीचा नफा धरतील आणि स्लॅबप्रमाणे 30 टक्क्यांपर्यंत जाईल. दुसरं, जुलै 2024 पासून आपल्यासारख्या अनिवासींचं इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरणं, गेलं. तुझ्या भावाला 20 टक्के इंडेक्सेशनसह हा पर्याय अजून आहे, तुला सरळ 12.5 टक्के. म्हणजे त्याच फ्लॅटवर तुला त्याच्यापेक्षा जास्त कर. सरकारला डॉलरवाले दिसले की झालं!

विनायक

श्रीकांत | 5 ऑक्टोबर

भारतात वारसाकर 1985 सालीच रद्द झाला. वडिलोपार्जित आहे, कर कसला?

सुनंदा, पिस्कॅटवे | 5 ऑक्टोबर

श्रीकांत, घर वारशाने *मिळालं* तेव्हा कर नव्हता, बरोबर. मेधा ते *विकते* आहे, आणि विक्रीवर आहे.

विनायकराव, नियम बदलल्याचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण 24 महिन्यांचं नाही. वारशाच्या घरात आधीच्या मालकाचा काळ वारसाच्या खात्यात जमा होतो. आईलाही ते बाबांकडून वारशानेच आलं, म्हणून साखळी मागे जाऊन ज्याने प्रत्यक्ष पैसे मोजले त्याच्यापाशी थांबते. मुदत 1988 पासून, किंमतही बाबांचीच. सर्टिफिकेटवर नाव काल चढलं असतं तरी फरक नाही.

घर 1 एप्रिल 2001 च्या आधीचं आहे, म्हणून 2 लाख 10 हजारांऐवजी त्या दिवसाचा बाजारभाव घेता येतो. त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा दाखला काढा. मात्र 2020 च्या अर्थसंकल्पापासून तो आकडा त्या वेळच्या रेडी रेकनरच्या सरकारी दराच्या वर नेता येत नाही. "साहेब, 14 लाख लिहून देतो" म्हणणारे व्हॅल्युअर पुण्यात अजून भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

समजा रेकनरने 8 लाख आले. प्रत्येकाच्या वाट्याला विक्री 50 लाख, किंमत 4 लाख, नफा 46 लाख. मेधाचा कर 12.5 टक्क्यांनी 5 लाख 75 हजार, वर 4 टक्के सेस धरून 5 लाख 98 हजार. आता भावाने इंडेक्सेशन घेऊन बघू. यंदाचा निर्देशांक 376, म्हणजे 4 लाखांचे 15 लाख 4 हजार होतात. नफा 34 लाख 96 हजार, त्यावर 20 टक्के आणि सेस मिळून जवळपास 7 लाख 27 हजार. म्हणजे तोही 12.5 च घेणार! 2001 पूर्वीच्या घरात यंदाची विक्री 2001 च्या किमतीच्या साधारण साडेआठ पटींच्या वर गेली की इंडेक्सेशनचा फायदा संपतो. इथे ती साडेबारा पट आहे. 2012 साली घेतलेला फ्लॅट असता तर विनायकरावांचा राग योग्य होता.

बहीणभावांत खरा फरक आहे तो कर कापून घेण्यात. भावाच्या वाट्यावर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापेल. मेधाच्या वाट्यावर मात्र नफ्यावर नाही, पूर्ण 50 लाखांवर सेससकट 13 टक्के, म्हणजे साडेसहा लाख. त्यासाठी खरेदीदाराला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागतो. दोघांचा सरसकट 1 टक्का कापून मोकळे होणारे खरेदीदार मी पाहिलेत, नंतर नोटीस त्यांनाच येते. कमी कपातीचा दाखला आधी काढता येतो, पण इथे प्रश्न फक्त 52 हजारांचा आहे. विवरणपत्र भरून परत घ्या, सौदा त्यासाठी अडवू नका.

अमेरिकेची बाजू रात्री लिहिते.

रश्मी, फिलाडेल्फिया | 5 ऑक्टोबर

माझ्या बाबांनी 1994 मध्ये 4 लाखांना घेतलेलं घर 2019 मध्ये बक्षीसपत्र करून माझ्या नावे केलं, "मागाहून कोर्टकचेऱ्या नकोत" म्हणून. बाबा 2022 मध्ये गेले. माझंही गणित मेधासारखंच ना?

सुनंदा | 5 ऑक्टोबर, रात्री

रश्मी, भारतात हो, इथे नाही. ते का, हे मेधाच्या उत्तरातच कळेल.

भारत विचारतो, शेवटी पैसे कोणी मोजले. अमेरिका विचारते, मालक गेला त्या दिवशी घराची किंमत काय होती. घर भारतातलं आणि आई भारतीय नागरिक असली तरी हाच नियम, आणि मुदत आपोआप दीर्घ धरतात. समजा फेब्रुवारी 2023 मध्ये फ्लॅट 92 लाखांचा होता. मेधाचा वाटा 46 लाख, तेव्हाचा दर 82 धरा: सुमारे 56,100 डॉलर. विक्रीचे 50 लाख 88 च्या दराने सुमारे 56,800. इथला नफा जेमतेम 700 डॉलर, 15 टक्क्यांनी कर शंभराच्या आसपास!

भारतात मात्र ती सुमारे 6,800 डॉलर भरणार. फॉर्म 1116 वर त्याचं क्रेडिट मागायचं, पण ते या उत्पन्नावरच्या इथल्या कराएवढंच मिळतं. उरलेलं एक वर्ष मागे आणि दहा वर्षं पुढे नेता येतं, पण त्याच गटातल्या परदेशी उत्पन्नावर. "दुहेरी कर टळतो" म्हणजे दोन्हींतला मोठा कर भरावाच लागतो.

म्हणून फेब्रुवारी 2023 चा वेगळा दाखलाही त्याच व्हॅल्युअरकडून घ्या. मागच्या तारखेच्या भावाचा अंदाज आजही देता येतो.

रश्मी, बक्षीस दिलेल्या घराला हा फायदा नाही. तुझी इथली किंमत बाबांचे 4 लाख, 1994 च्या डॉलरमध्ये. नफा मोठा दिसेल, पण भारतात भरलेलं क्रेडिट तिथे बरंचसं वापरलं जाईल.

मेधा | 6 ऑक्टोबर

सुनंदाताई, खूप आभार. भावाला व्हॅल्युअरकडे पाठवलंय. एक शंका: बाबांनी मृत्युपत्र केलं होतं का, हे आम्हाला माहीत नाही. आई नॉमिनी होती, म्हणून सोसायटीने सर्टिफिकेट तिच्या नावे केलं. याने काही बिघडतं का?

विनायक | 6 ऑक्टोबर

नॉमिनी म्हणजे मालक. आईचंच होतं सगळं.

सुनंदा | 6 ऑक्टोबर

नाही हो विनायकराव, सोसायटीच्या दृष्टीने नाव नॉमिनीचं लागतं, मालकी वारसांकडेच जाते. मृत्युपत्र नसेल तर 2009 मध्येच आई, मेधा आणि भाऊ यांना एक-एक तृतीयांश मिळालं. म्हणजे मेधाच्या निम्म्यातला मोठा भाग 2009 च्या किमतीचा आणि पूर्ण फ्लॅटचा फक्त एक षष्ठांश 2023 चा. भारतातल्या आकड्यात काही हलत नाही, इथला नफा मात्र 700 डॉलरचा राहणार नाही. मुलांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र केलं असेल तर आणखी वेगळा विचार, त्यावर मी मेलवर ठाम बोलणार नाही. कागद काय सांगतात ते आधी बघा.

मेधा | 8 ऑक्टोबर

भावाला फक्त नॉमिनेशनचा फॉर्म आणि सोसायटीचं 2010 चं पत्र सापडलंय. बँकेचा लॉकर पुढच्या आठवड्यात उघडणार. तोवर व्हॅल्युअरला 2001 आणि 2023 बरोबर 2009 चाही भाव काढायला सांगितलंय.