मदत हवी आहे: चौथीतल्या मुलीची बस-रेल्वेच्या वेळेची गणितं निम्मी बरोबर, निम्मी चूक

रंकाळाकाठ:
माझी मुलगी चौथीत आहे. घड्याळ नीट वाचते, पाढे चांगले आहेत. पण ‘गाडी इतक्याला सुटली, इतक्याला पोचली, तर प्रवासाला किती वेळ लागला’ असलं गणित आलं की काही बरोबर येतात, काही साफ चुकतात. त्यात मला काही सूत्र सापडत नाही. कालची दोन गणितं देते.

पहिलं: कोल्हापूरहून बस सकाळी ७.१५ ला सुटली, ९.४० ला पोचली. उत्तर २ तास २५ मिनिटं. बरोबर.

दुसरं: कोल्हापूरहून गगनबावड्याची बस ७.५० ला सुटली, ९.३५ ला पोचली. उत्तर १ तास ८५ मिनिटं.

मी म्हटलं, अगं ८५ मिनिटं कशी? तर तिने ती फोडून २ तास २५ मिनिटं केली आणि ‘आता बरोबर’ म्हणाली. तिचा हात धरून मी उत्तर काढून देऊ शकते, पण तिच्या डोक्यात नेमकं काय चुकतंय तेच मला कळत नाहीये. (वेळा मी मनानेच घातल्या आहेत, खरं वेळापत्रक नाही.)

पंचगंगा_७२:
गगनबावड्याला पावसाळ्यात पावणेदोन तासांत पोचणं अवघड आहे ताई. आणि ७.५० ची गाडी सीबीएसवरून सुटते की रंकाळा स्टँडवरून? रविवारीही असते का? आम्हाला जायचं आहे.

रंकाळाकाठ:
काका, गाडी गणितातली आहे हो. खरी वेळ स्टँडवर चौकशी खिडकीत विचारा.

गणितवेडा:
हातच्याचा घोळ आहे. ३५ मधून ५० जात नाहीत म्हणून तिने ९ मधला १ घेतला आणि १०० समजून १३५ केले. घ्यायचे होते ६०. म्हणजे ३५ आणि ६० मिळून ९५, त्यातून ५० गेले, राहिले ४५. तासांकडे ८ मधून ७ गेले, राहिला १. उत्तर १ तास ४५ मिनिटं.
तिला एकच नियम शिकवा: उत्तरात मिनिटं ६० किंवा जास्त आली की समजायचं चुकलं, परत करायचं. मी लहानपणी असंच तपासायचो.

फळा_खडू:
मी करवीर तालुक्यात प्राथमिक शाळेवर आहे, चौथीचा वर्ग बरीच वर्षं घेतला आहे. निदान बरोबर आहे. ताई, तुम्हाला सूत्र सापडत नव्हतं ना, ते असं: हातचा घ्यावा लागत नाही तिथे उत्तर बरोबर येतं. ४० मधून १५ सरळ जातात, म्हणून पहिलं जमलं. जिथे हातचा लागतो तिथे उत्तर दर वेळी बरोबर ४० मिनिटांनी जास्त येतं, कारण ६० च्या जागी १०० घेतले. ८५ आणि ४५ मधला फरक पाहा. जुनी वही काढून अजून दोन-तीन चुका तपासा, प्रत्येकीत ४० चाच फरक निघाला तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

पण गणितवेडा यांचा साठीचा नियम सगळीकडे पुरत नाही. ७.५५ ला सुटलेली बस ९.१० ला पोचली असं घ्या. मुलगी ११० मधून ५५ काढेल आणि १ तास ५५ मिनिटं लिहील. ५५ साठीच्या आत आहेत, उत्तर दिसायला चोख आहे, आणि खरं उत्तर आहे १ तास १५ मिनिटं. अशी चूक पालकांच्या नजरेतून सुटते, शिक्षकांच्याही.

गणितवेडा:
हो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खऱ्या उत्तरातली मिनिटं २० च्या आत असतील, तर ४० मिळवूनही ती साठीच्या आतच राहणार.

फळा_खडू:
अगदी. म्हणून मी सुरुवातीला उभी वजाबाकी करूच देत नाही. वहीत एक आडवी रेघ मारायची, डाव्या टोकाला ७.५०, उजव्या टोकाला ९.३५. आता पोराने बसमध्ये बसायचं आणि घड्याळाकडे बघत जायचं. आठ वाजायला किती? १० मिनिटं, पहिली उडी. आठपासून नऊपर्यंत १ तास, दुसरी उडी. नवापासून ९.३५ पर्यंत ३५ मिनिटं. उड्यांची बेरीज १ तास ४५ मिनिटं. यात हातचा कुठेच येत नाही, त्यामुळे १०० घुसायला जागाच राहत नाही.

मूळ मला त्या टिंबात दिसतं. आपण ७.५० लिहितो, स्टँडवरच्या फलकावरही तसंच असतं, आणि मुलं रुपये-पैसेही असेच लिहितात. साडेनऊ रुपयांतून पावणेआठ रुपये वजा करताना १०० पैसेच घ्यायचे असतात. तिने तीच सवय इथे वापरली. म्हणून पहिले काही आठवडे मी ‘७ वाजून ५० मिनिटं’ असं पूर्ण लिहायला लावतो.

इचल_आई:
आमच्या मुलाचं वेगळंच आहे. रेघ वगैरे जमते, पण ‘पावणेनऊ’ म्हटलं की ९.४५ मांडतो. त्याला काय करावं?

फळा_खडू:
तो ‘नऊ’ एवढंच ऐकतो. पावणे म्हणजे नवाला पाव तास कमी, हे काट्याच्या घड्याळावर दाखवा: काटा अजून नवाच्या अलीकडे आहे. सव्वा आणि साडे आधी पक्के होऊ द्या, पावणे शेवटी घ्या.

शाळेच्या वेळापत्रकात आणखी एक अडचण आपल्या भाषेमुळेच येते. ‘शाळा ११ ला भरते, १० मिनिटं प्रार्थना, मग ३५ मिनिटांचा एकेक तास. तिसरा तास किती वाजता संपेल?’ वर्गातली बरीच पोरं २ वाजता किंवा २.१० म्हणतात. ‘तास’ ऐकलं की त्यांना ६० मिनिटंच आठवतात. उत्तर १२.५५ आहे. मी आता प्रश्नात ‘तासिका’ लिहितो.

रंकाळाकाठ:
सर, वही तपासली. पाच चुका, पाचांतही ४० चाच फरक! इतकं सरळ कारण असेल असं वाटलं नव्हतं.
रेघ काल करून पाहिली. पण ती तुमच्यासारखी आठवर थांबत नाही. ७.५० वरून ८.५०, तिथून ९.५० अशी दोन तासांची उडी मारते, मग १५ मिनिटं मागे येते. हे थांबवू का?

फळा_खडू:
थांबवू नका. उत्तर बरोबर येतंय आणि मागे का यायचं हे तिला कळलंय. तिची रीत तिलाच वापरू द्या.

गणितवेडा:
रात्रीच्या रेल्वेचं काय? गाडी २०.५० ला सुटते, दुसऱ्या दिवशी ७.२५ ला पोचते. माझा पुतण्या मोठ्यातून लहान वजा करून १३ तास २५ मिनिटं सांगतो.

फळा_खडू:
तिथेही रेघच, फक्त मध्ये रात्री १२ चा खांब रोवायचा. २०.५० ते २४ पर्यंत ३ तास १० मिनिटं, पुढे ७ तास २५ मिनिटं, एकूण १० तास ३५ मिनिटं. मी चौथीला हे देतो.

इचल_आई:
मला नाही पटत सर. २४ तासांचं घड्याळच नवं, त्यात तारीख बदलते. आमच्याकडे त्या एका गणितापायी मुलाने पुढची चार सोपी सोडून दिली. पाचवीत घेतलं तर काय बिघडतं?

रंकाळाकाठ:
मी या आठवड्यात फक्त दिवसाच्या बसची गणितं घेते आहे. रात्रीच्या गाडीचं एक रविवारी देऊन बघते, अडली तर तिथेच थांबवते. काय होतं ते इथेच लिहीन.