ह्युमनायझर लबाडी, तर ‘इंग्रजी बघून देणारे सर’ कोण?

तिसरा_परीक्षक: पीएचडीचे प्रबंध तपासतो. मजकूर एआयचा आहे का ते ओळखणाऱ्या डिटेक्टरला चुकवायला वाक्यं फिरवून देणारं ॲप म्हणजे ह्युमनायझर. हल्ली मुलं मजकूर त्यातून काढून आणतात आणि वर सांगतात, ‘विचार माझेच आहेत सर, इंग्रजी कच्चं आहे म्हणून.’ विचार तुमचे असतील तर सॉफ्टवेअरला गंडवायची गरज काय? माझ्या मते ही सरळ लबाडी. कुणाला वेगळं वाटत असेल तर सांगा.

बार्शीकरीण: सांगतेच. माझं शिक्षण बी.एड.पर्यंत मराठीतून झालं. प्रबंध इंग्रजीत, कारण गाईडना तसाच हवा. दुसरं प्रकरण शब्दकोश मांडीवर घेऊन लिहिलं, लेक झोपल्यावर. एआय डिटेक्टरनं निम्म्याहून जास्त मजकूर रंगवून परत दिला. गाईडनी तो वाचलासुद्धा नाही. म्हणाले, ‘हा आकडा खाली आणा, मग बोलू.’ नीट लिहा असं म्हणाले नाहीत हो, आकडा खाली आणा म्हणाले! ‘इट इज ऑब्झर्व्ह्ड दॅट’, ‘द प्रेझेंट स्टडी रिव्हील्स दॅट’ ही वाक्यं तुमच्यासारख्यांनीच कार्यशाळेत घोकून घेतली आमच्याकडून. आता तीच यंत्राची वाटतात म्हणे. मग मी ह्युमनायझर वापरला. वापरला तर वापरला. ज्यानं मला खोटं पाडलं त्याला गंडवलं, तर लबाड मी कशी?

तिसरा_परीक्षक: भावना पोचल्या. पण स्वतः लिहिलेल्या मजकुराला डिटेक्टर सहसा धरत नाही. धूर आहे तिथं आग असतेच.

उलटा_स्वल्पविराम: सर, इथं धूर डिटेक्टरच सोडतो. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे 91 निबंध सात डिटेक्टरना दिले. सगळे माणसांनी लिहिलेले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे. सरासरी साठ टक्क्यांहून जास्त निबंध एआयचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास बिनबोभाट सुटले. कारण साधं आहे. पुढचा शब्द कितपत ओळखता येतो, यावर हे डिटेक्टर अंदाज बांधतात. परक्या भाषेत लिहिणारा माणूस खात्रीचेच शब्द वापरतो, म्हणून पुढचा शब्द ओळखू येतो.

कहर पुढे आहे. तेच निबंध चॅटजीपीटीला देऊन शब्द भारी करून घेतले, तर खोटे आरोप एकदम घसरले. म्हणजे स्वतःचं लिहिलं तर चोर, यंत्राकडून घासून घेतलं तर साव. अर्थात हे त्या वेळचे डिटेक्टर, आणि बऱ्याच विद्यापीठांत वापरतात ते टर्निटिन त्यात नव्हतं. त्यामुळे आजच्या प्रत्येक रिपोर्टला हा आकडा चिकटवू नका.

पण बार्शीकरीण, आता तुमच्याकडे वळतो. मी जर्नलांची कॉपी एडिट करतो, ह्युमनायझरमधून आलेला माल रोज बघतो. तो इंग्रजी सुधारत नाही, इंग्रजी बेभरवशाचं करतो. एक वाक्य लांब, एक तुटकं, नेहमीच्या शब्दाच्या जागी अडगळीतला शब्द. परवाच एका शिक्षणशास्त्राच्या निबंधात दोन गटांच्या सरासरीत 40 पैकी जेमतेम दोन गुणांचा फरक होता, पुढे p < 0.05. मूळ मसुद्यात ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ होतं, ते बरोबर होतं. ह्युमनायझरनं केलं ‘ह्यूज डिफरन्स’. सिग्निफिकंट म्हणजे एवढा फरक नुसत्या योगायोगानं पडणं अवघड, इतकंच. फरक मोठा आहे असं त्यात कुठंच नाही. त्याच निबंधात ‘असोसिएटेड विथ’चं ‘कॉज्ड बाय’ झालेलं. नुसता संबंध सापडला होता, निबंधात तो कारण होऊन बसला. लेखिकेनं असं कधी म्हटलंच नव्हतं. मग ‘विचार माझेच’ हा बचाव उरतो कुठं?

बार्शीकरीण: मी प्रत्येक वाक्य परत वाचलं होतं.

उलटा_स्वल्पविराम: इंग्रजी कच्चं म्हणून ज्या यंत्राकडे गेलात, त्याचा हा सूक्ष्म घोळ त्याच कच्च्या इंग्रजीनं पकडणार? सगळं पकडलंत असं मी तरी धरून चालणार नाही.

नेट_सेट_पास: एवढा वाद कशाला? यूजीसीनं 10 टक्क्यांपर्यंत एआय चालतं असं नियमातच दिलंय.

उलटा_स्वल्पविराम: नाही दिलेलं. ते नियम 2018 चे, चॅटजीपीटी आलं 2022 च्या नोव्हेंबरात. 10 टक्के ही सीमा दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य किती, याची आहे. 10 ते 40 साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. एआयच्या आकड्याला ही फूटपट्टी लावणारे गाईड आहेत, ती त्यांची सोय. एआयचा आकडा नुसता अंदाज असतो. साम्याच्या रिपोर्टात निदान मूळ स्रोत दाखवलेला असतो, इथं दाखवायला काही नसतं.

खडूस_टंकलेखक: मला एवढंच सांगा, ‘इंग्रजी बघून देणारे सर’ विसरलात का सगळे? विद्यापीठाच्या गेटासमोर आमचं डीटीपीचं दुकान होतं. पानामागे पैसे घेऊन प्रबंध ‘बघून’ देणारे एक निवृत्त प्राध्यापक रोज संध्याकाळी आमच्याकडे बसायचे. बघून म्हणजे काय, निष्कर्षाचं प्रकरण त्यांच्याच हातचं असायचं कित्येकदा. ऋणनिर्देशात आई-वडील, गाईड, ग्रंथपाल, अक्षरजुळणीसाठी आमचंही नाव. त्या सरांचं नाव एकाही प्रबंधात नाही! तेव्हा कुणी लबाडी म्हटलं नाही. ते प्रबंधवाले आता गाईड झालेत.

तिसरा_परीक्षक: हा रोख माझ्याकडे असेल तर मागे घ्या. माझा प्रबंध मी लिहिला.

खडूस_टंकलेखक: तुमचं नाव मी घेतलं का? टोपी कुणाला बसते ते मी बघत नाही.

तिसरा_परीक्षक: ही पातळी असेल तर बोलणंच खुंटलं. आणि माणूस चूक दाखवताना का ते सांगतो, विद्यार्थी त्यातून शिकतो.

बार्शीकरीण: शिकतो? माझ्या नणंदेनं गठ्ठा देऊन गठ्ठाच परत आणला होता. आणि ज्यांना ते सर परवडत नाहीत, त्यांनी काय करायचं? पैसेवाल्यांनी माणूस लावला की तो ‘भाषा-संपादक’. आम्ही फुकटचं ॲप लावलं की लबाड.

डब्लिनहून_अनिकेत: आमच्याकडे ऑफिसच्या ईमेलला मी व्याकरण तपासणारं ॲप वापरतो, कुणी काही म्हणत नाही. इतका बाऊ का ते कळलं नाही.

उलटा_स्वल्पविराम: अनिकेत, व्याकरणाचं ॲप चूक दाखवतं, स्वीकारायची की नाही ते तुम्ही ठरवता. ह्युमनायझरची जाहिरातच डिटेक्टर चुकवून देतो अशी असते. काही तर लॅटिन ‘ए’च्या जागी तसंच दिसणारं रशियन अक्षर घुसवतात, मध्येच न दिसणारी स्पेस टाकतात. शब्द शोधा, फाइलमध्ये सापडत नाही, डोळ्यांना मात्र समोर दिसतो. असं सापडलं की संपादकापुढे इंग्रजी कच्चं असल्याची सबब चालत नाही. टंकलेखकांचा मुद्दा मात्र मान्य, नाइलाजानं. त्या सरांचं नाव लपवणं आणि ॲपचं नाव लपवणं, दोन्ही एकाच मापानं मोजा.

बार्शीकरीण, तुमच्या जागी मी जुने मसुदे जपले असते. गूगल डॉक्समध्ये फाइल मेन्यूत व्हर्जन हिस्टरी असते. कोणत्या रात्री कुठलं वाक्य खोडलं, ते सगळं तिथं दिसतं. मात्र लिखाण पहिल्यापासून तिथंच व्हायला हवं. वहीत लिहून शेवटी एकदम चिकटवलंत तर ते कॉपी मारल्यासारखंच दिसणार.

तिसरा_परीक्षक: असा इतिहास कुणी समोर ठेवला तर मी रिपोर्ट बाजूला ठेवीन. पण मग व्हायवात पानापानावर विचारीन. आणि ह्युमनायझर लबाडीच, यावरून मी हललेलो नाही.

बार्शीकरीण: विचारा हो, खुशाल विचारा. उत्तरं मराठीत दिली तर चालतील का, तेवढं आधी सांगा. आणि आमच्याकडे रिपोर्टवर आकडा जास्त दिसला की प्रबंध जमाच करून घेत नाहीत. तुमच्यापर्यंत पोचायचं कसं?

खडूस_टंकलेखक: गेटासमोर चौकशी करा. सर गेले, पण त्यांचा पुतण्या बसतो आता. लॅपटॉप घेऊन.