मदत हवी आहे: प्रिंटर झोपेतून उठून पहिलं पान द्यायला जवळजवळ दीड मिनिट घेतो

पानोपानी:
घरी काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे, वाय-फायवर जोडलेला, संगणकावर विंडोज. मी भाषांतराचं काम करते. एक पान छापते, वाचते, खुणा करते, तीन-चार मिनिटांनी दुरुस्त पान परत छापते. मग तासभर काहीच छापत नाही. प्रिंटर जागा असला तर पान ९ सेकंदांत येतं. स्लीपमध्ये गेला असला तर मात्र घड्याळ लावून १ मिनिट २५ सेकंद लागले. त्यातला पहिला बराच वेळ तो पूर्ण गप्प असतो, दिवासुद्धा लागत नाही. मग एकदम घरघर सुरू होते आणि पान येतं.

स्लीपची वेळ १ मिनिट आहे, विकत घेतला तेव्हापासून तीच. ती वाढवावी का? वीज उगाच जाळायची नाही, पण दर दुरुस्तीला दीड मिनिट थांबून वाचनाची लय तुटते. मॅन्युअलमध्ये तयार स्थितीत ४५ वॅट आणि स्लीपमध्ये सुमारे १ वॅट असं लिहिलंय.

खटपट्या:
स्लीप बंदच करून टाका. लेझरमध्ये फ्यूजर थंड झाला की तो परत तापायलाच वेळ लागतो, त्याला इलाज नाही. माझ्या जुन्या मशीनला तर मिनिटभर लागायचं.

तापलेला रूळ:
खटपट्या म्हणतात ते फ्यूजरपुरतं बरोबर आहे. टोनर कागदावर वितळवून चिकटवायचा तर फ्यूजरला दोनशे अंशांच्या आसपास जावं लागतं आणि स्लीपमध्ये त्याची वीज तोडलेली असते. पण मिनिटभर लागायचं ते जाड रूळ आणि आत हॅलोजन दिवा असलेल्या जुन्या यंत्रांत. हल्लीच्या छोट्या प्रिंटरमध्ये पातळ फिल्म असते, ती काही सेकंदांत तापते.

शिवाय पानोपानी, तुम्ही लिहिलंय की सुरुवातीला तो गप्प असतो. फ्यूजर तापत असता तर पडद्यावर काहीतरी दिसलं असतं, पंखा फिरला असता. गप्प आहे याचा अर्थ काम अजून त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. सेटिंग बदलण्याआधी वेळेचे दोन तुकडे करा. प्रिंटर पूर्ण झोपू द्या आणि त्याच्याच बटणांवरून माहितीचं पान छापा. त्यात संगणक आणि वाय-फाय दोन्ही बाजूला पडतात. मग परत झोपू द्या आणि यूएसबी केबल लावून संगणकावरून एक पान छापा. दोन्ही वेळा इथे लिहा.

निळी दौत:
माझाही असाच त्रास! इंकजेट आहे. सकाळी चालू केला की दोन मिनिटं खरखर करतो, मग छापतो. वीज वाचावी म्हणून मी रात्री भिंतीवरचं बटण बंद करते.

तापलेला रूळ:
निळी दौत, तुमचं दुखणं वेगळं आहे. इंकजेटला तापायचं नसतं. तो खरखर करतो तेव्हा हेड साफ करत असतो आणि त्यात शाई जाते. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड टोपीखाली जाऊन बसतं. भिंतीवरून वीज तोडली तर ते उघडं राहू शकतं आणि शाई वाळते. आधी प्रिंटरचं बटण दाबा, तो शांत झाला की मगच भिंतीवरचं.

पानोपानी:
दोन्ही करून पाहिलं. झोपेतून, बटणांवरून माहितीचं पान: २१ सेकंद. झोपेतून, यूएसबीने: २४ सेकंद. मग वाय-फायवर परत तेच, १ मिनिट २० सेकंद!

तापलेला रूळ:
म्हणजे यंत्राची स्वतःची उठण्याची वेळ वीस-बावीस सेकंद आहे आणि जवळजवळ एक मिनिट वाटेत हरवतंय. पॉवरशेलमध्ये हे चालवा:

```
Get-Printer | Select Name, PortName
```

तुमच्या प्रिंटरसमोर `WSD` ने सुरू होणारं नाव आलं तर माझा पहिला संशय तिथेच. त्या पद्धतीत विंडोज प्रिंटरला पत्त्याने गाठत नाही, नेटवर्कवर हाक मारून शोधतो, आणि झोपलेला प्रिंटर हाकेला उशिरा ओ देतो.

पानोपानी:
हो, `WSD-` आणि पुढे लांबलचक अक्षरं.

तापलेला रूळ:
मग आधी राउटरमध्ये जाऊन प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही. त्यानंतर प्रिंटरच्या गुणधर्मांत Ports मध्ये Add Port, तिथे Standard TCP/IP Port, आणि तो पत्ता द्या. पत्ता राखायचं विसरू नका. नाहीतर राउटर कधीतरी नवा पत्ता देईल आणि छपाई बंदच पडेल.

खटपट्या:
तिथेच Configure Port मध्ये SNMP Status Enabled ची खूणही काढा. माझ्या इथे त्यानेच काम झालं होतं.

तापलेला रूळ:
ते लगेच नको, एका वेळी एकच बदल करा. झोपलेल्या प्रिंटरने त्या चौकशीला वेळेत उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला ऑफलाइन समजून काम अडवून धरतो. तसं दिसलं तरच खूण काढा. मात्र मग कागद संपला, टोनर संपत आला, हे संगणकावर दिसेनासं होऊ शकतं.

पानोपानी:
पोर्ट बदलला. झोपेतून २७ सेकंद! तीनदा मोजलं: २७, २६, २९. ऑफलाइन दिसत नाही, म्हणून ती खूण तशीच ठेवली आहे. आता स्लीपची वेळ किती ठेवू?

तापलेला रूळ:
तुमच्याच आकड्यांवरून बघू. ४५ वॅटवर एक मिनिट जागं राहायला पाऊण वॅट-तास लागतो. उठताना फ्यूजर साधारण ९०० वॅट दहा सेकंद ओढतो असं धरलं, तर एका उठण्याला अडीच वॅट-तास. म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं जागं राहणं आणि एकदा झोपून उठणं, दोन्हीला वीज जवळपास सारखीच. तुमचं दुरुस्त पान तीन-चार मिनिटांनी येतं, त्यामुळे १ मिनिटाच्या सेटिंगने फारशी वीज वाचतच नव्हती. ५ मिनिटं ठेवा. दुरुस्तीच्या वेळी तो जागा मिळेल आणि नंतरच्या तासभरात झोपलेला राहील. दिवसात दहा वेळा चार मिनिटं जादा जागा राहिला तरी ३० वॅट-तास होतात, महिन्याला एक युनिटही नाही. ९०० हा माझा अंदाज आहे. प्लगला लावायचा वीजमापक असेल तर खरा आकडा कळेल.

आणि ऑटो ऑफ नावाचं वेगळं सेटिंग असेल तर तेही बघा. त्यात प्रिंटर पूर्ण बंद होतो आणि बऱ्याच यंत्रांत वाय-फायवरून उठवता येत नाही.

पानोपानी:
ऑटो ऑफ ८ तासांवर होतं, ते बंद केलं. स्लीप ५ मिनिटं केली. दोन दिवस झाले, दुरुस्त पान हात पुढे करेपर्यंत येतं, फार मोठी सोय झाली. एक गोष्ट राहिली. सकाळचं पहिलं पान अजूनही ५० सेकंदांच्या वर जातं. दिवसभरात कितीही वेळ झोपला तरी असं होत नाही.

खटपट्या:
रात्रभर थंड पडतो ना, म्हणून.

तापलेला रूळ:
नाही, फ्यूजर तासाभरातही पूर्ण थंड होतो. रात्री वाय-फायची जोडणी सुटून सकाळी नव्याने होत असेल असं वाटतं, पण खात्री नाही. उद्या सकाळी प्रिंटरला हात लावण्याआधी तुमचा पत्ता घालून हे चालवा:

```
ping 192.168.1.40
```

पहिली एक-दोन उत्तरं चुकली आणि नंतरची आली तर संशय वाय-फायवर. चारही लगेच आली तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण बऱ्याच प्रिंटरांत मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही नेटवर्कची चिप एकटी उत्तर देते. तेव्हा एक रात्र राउटरपासून केबल ओढून बघावी लागेल.

पानोपानी:
आज चार पैकी पहिली तीन चुकली, चौथं आलं. केबल शोधते आणि परवा लिहिते.