मदत हवी आहे: घरच्या अंबाबाईच्या मूर्तीवरून नवरात्राचं चित्र, हातांतल्या वस्तू नक्की कोणत्या?

रेषा_टिळकवाडी
नमस्कार. सासूबाईंच्या माहेरची पितळी मूर्ती आमच्या देवघरात आहे, जेमतेम वीतभर. घरात सगळे तिला कोल्हापूरची अंबाबाई म्हणतात. तिच्या फोटोवरून नवरात्रासाठी मोठं चित्र काढायचं आहे, घटाच्या मागे लावायला. मूर्ती घासून घासून झिजली आहे. फोटोत डावीकडच्या खालच्या हातात वाटीसारखं काही दिसतं, वर थाळीसारखं गोल. उजवीकडे खाली लिंबाएवढा गोळा आणि वरच्या हातात जमिनीला टेकलेली काठी. मुकुटावर एक उंचवटा आहे. चुकीचं काही देवीच्या हातात द्यायचं नाही. फोटो दिरांनी गावाहून पाठवला आहे.

कमळपुष्प
महालक्ष्मी म्हणजे वरच्या दोन हातांत कमळं, खालच्या हातातून नाण्यांची धार, दोन्ही बाजूला हत्ती. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पुस्तकावर बघा की. झिजलेलं आहे तर तसंच काढा, शोभून दिसेल. नथ मात्र डाव्या नाकपुडीत.

जुना_चितारी
नथीचं बरोबर. बाकी तुम्ही सांगितलंत ते गजलक्ष्मीचं रूप, तिला हत्ती आणि कमळं शोभतात. कोल्हापूरची देवी वेगळी. ती उभी आहे, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. तिच्या उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र. गदेचं डोकं खाली जमिनीला टेकलेलं असतं. चित्रात बरेच जण ती मारुतीसारखी खांद्यावर टाकतात, ते टाळा. मागे सिंह.

ताई, आता तुमचं वर्णन पुन्हा वाचा. वाटी, थाळी, गोळा, काठी या चारही वस्तू जुळतात, फक्त बाजू उलट्या आहेत. देवीचा उजवा हात आपल्याला समोरून डावीकडे दिसतो, म्हणजे म्हाळुंग आणि गदा फोटोत डावीकडे हव्यात. फोटो सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढला असेल तर काही फोनमध्ये तो आरशासारखा उलटा साठतो. मागे कॅलेंडर किंवा काही अक्षरं दिसतात का?

रेषा_टिळकवाडी
मागे कन्नड कॅलेंडर आहे काका, आणि अक्षरं खरंच उलटी आहेत! फोटो आडवा उलटून घेतला की चालेल ना?

जुना_चितारी
हात जागेवर येतील, पण त्या फोटोवरून गिरवू नका. फोन जवळ नेऊन वरून टिपला असेल तर मुकुट मोठा आणि पाय बारीक दिसतात. घरी गेलात की मूर्ती धुवायच्या वेळी, वस्त्र-फुलं चढवण्याआधी, नवा फोटो घ्या. फोन देवीच्या छातीच्या उंचीला पुस्तकांवर टेकवा, हातभर मागे सरका आणि झूम करा. फ्लॅश नको, पितळ चकाकून रेषा पुसल्या जातात. मग खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड अगदी बाजूने, मूर्तीला घासून जाईल असा पाडा आणि आणखी फोटो काढा. झिजलेले उठाव सावलीने दिसू लागतात. ढालीची कड आणि म्हाळुंगाचं देठ तिथेच सापडेल.

गिरवताना फोटोचा लेयर फिका करा. आधी नुसता देह आणि हात, मग आयुधं, शेवटी साडी आणि दागिने. घरच्या मूर्तीचं डोकं देहाच्या मानाने मोठं असतं, तेच प्रमाण राहू द्या. लांबट सडपातळ बांधा केलात की घरातली माणसं म्हणतील, ही आपली देवी न्हवं.

खानापूरची_माहेरवाशीण
आमच्या गावच्या यात्रेतली लक्ष्मी लाकडाची आहे, रंगवलेली. तिचं चित्र आम्ही पण करूलोय. तिच्या हातातही म्हाळुंगच काढायचं का?

जुना_चितारी
ती ग्रामदेवता, तिची परंपरा त्या गावची. रंग आणि हातांतलं सगळं पुजारी आणि सुतारांनाच विचारा, कोल्हापूरचं तिला लावू नका.

रेषा_टिळकवाडी
दागिने कोणते काढू? जाऊबाई म्हणतात कवड्यांची माळ हवीच.

जुना_चितारी
आधी मूर्तीवर ओतलेले दागिने बघा. मग तुमच्या घरात सणाला जे घालतात ते. गळ्याशी चिंचपेटी, खाली ठुशी, त्याखाली कोल्हापुरी साज, सगळ्यात लांब मोहनमाळ. साजाच्या पानांत मासा, कासव, बेलपान ओळखू आले पाहिजेत, नाहीतर तो नुसता मण्यांचा हार होतो. कवड्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या आणि तुळजाभवानीच्या. अंबाबाईला मी काढणार नाही.

निपाणीकर
काका, आमच्या देवघरात यल्लम्मा आणि अंबाबाई शेजारी आहेत आणि आई दोघींना कवड्या घालते. घरच्या मूर्तीचं चित्र असेल तर घरची रीत का नको?

जुना_चितारी
घरची रीतच तशी असेल तर माझा आग्रह नाही. ताईंच्या सासूबाई काय म्हणतात ते महत्त्वाचं.

रेषा_टिळकवाडी
विचारते. आणि मुकुटावरचा उंचवटा? नाग असेल का?

जुना_चितारी
शास्त्रात देवीच्या मस्तकावर नाग, लिंग आणि योनी सांगितली आहेत. पण घरगुती मूर्तीत तिथे नुसता कळसही ओततात. बाजूच्या उजेडात फण्याची पसरट कड दिसली तर नाग काढा. दिसली नाही तर उंचवटा आहे तसाच ठेवा, त्याला डोळे-फणा देऊ नका. नवा फोटो इथे टाका, बघूया.