अनुभव धागा: जुनी आवृत्ती घ्यावी का? राज्यसेवा आणि यूपीएससीची पुस्तकं

इतिहास, राज्यघटना, चालू घडामोडी: अर्ध्या किमतीत मिळणारी वापरलेली पुस्तकं कितपत चालतात आणि ती कशी पारखायची, ते लिहा.

पारिजात: इतिहासाचं जुनं पुस्तक बिनधास्त घ्या. राज्यघटनेचं मात्र 2020 नंतरचं कुठलंही चालतं, कारण त्यात कलम 370 आणि आर्थिक दुर्बलांचं आरक्षण आलेलं असतं.

कृष्णाकाठ: पारिजात, इतिहासाचं पटलं, पण 2020 ची रेघ चुकीच्या जागी आहे. दुकानात उभ्या उभ्या कलम 342क उघडा. 2018 च्या 102 व्या दुरुस्तीने ते आलं. मे 2021 मध्ये मराठा आरक्षणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला, की मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. त्याच वर्षी 105 व्या दुरुस्तीने राज्याच्या यादीपुरता तो परत दिला. या दोन घटनांच्या मधल्या काळातलं पुस्तक तुम्हाला नेमकं उलटं उत्तर पाठ करायला लावेल, आणि वाचताना काही खटकणारही नाही.

मग 334क शोधा. ते नसेल तर मजकूर 2023 च्या 106 व्या दुरुस्तीआधीचा. असेल तर पुढचं वाक्य वाचा: महिलांच्या राखीव जागा जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडल्यात, हे लिहिलंय का? नुसतं ‘एक तृतीयांश’ लिहून थांबलेलं पुस्तक ठेवून द्या. विधानांच्या प्रश्नात फसगत होते ती अशा अटींवरच.

रानवारा: आणि मुखपृष्ठावरच्या सालावर जाऊ नका. आत ‘पुनर्मुद्रण’ असेल तर बहुधा जुनाच मजकूर नव्याने छापलेला असतो. ‘सुधारित आवृत्ती’चं साल बघा.

मोगरा: माझा वैकल्पिक विषय इतिहास आहे. प्राचीन भारतासाठी जाड ग्रंथ घ्यावा का?

कृष्णाकाठ: मोगरा, धागा सामान्य अध्ययनाचा आहे, वैकल्पिकाचा वेगळा काढा. इथे इतिहासाची पारख एवढीच: मागच्या प्रश्नपत्रिकेतले दहा प्रश्न घ्या आणि सूचीवरून उत्तरं शोधा. राज्यसेवेसाठी सार्वजनिक सभा आणि सत्यशोधक समाज यांना एकेक ओळ देणारं पुस्तक अपुरं पडतं. तिथे स्टेट बोर्डाची पुस्तकं आधी वाचा.

रानवारा: शिवाय राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक आहे. नुसती प्रश्नसंचाची पुस्तकं पूर्वपरीक्षेपुरतीच.

पारिजात: चालू घडामोडींचं वार्षिक पुस्तक?

कृष्णाकाठ: उजळणीला ठीक, पण छपाईनंतरचे महिने कोरे राहतात. मी एक मासिक आणि पीआयबी यांवर भागवायला सांगते. बातमी त्या कलमाच्या समासात लिहावी.

रानवारा: समासात जागा पुरत नाही. सुटी पानं बरी.

कृष्णाकाठ: सुटी पानं ऐन परीक्षेच्या आधी सापडत नाहीत. माझं मत समासालाच.