मैत्रिणीकडे घरफोडी झाली आहे, तिच्याकडे जाऊन नेमकं काय करू?

ओवी_नाशिक: शाळेपासूनची मैत्रीण, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर राहते. ती, नवरा आणि आठवीतला मुलगा लग्नाला जळगावला गेले होते. रविवारी रात्री परतले तर कोयंडा उचकटलेला. पोलीस आले, पंचनामा झाला, ठसेवालेही येऊन गेले. मी सोमवारी फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काय काय गेलं गं?" ती सांगायला लागली आणि मधेच गप्प झाली. काल मेसेज आला, "सगळ्यांना यादी सांगून दमले." आता फोन उचलत नाही. नवऱ्याची सेकंड शिफ्ट सुरू झाली आहे, म्हणजे रात्री साडेबारापर्यंत ती आणि मुलगा दोघंच. "ये" असं ती स्वतःहून कधीच म्हणणार नाही. कसं विचारू, आणि गेल्यावर काय करू?

जाई: विचारू नकोस. "काही लागलं तर सांग" म्हटलं की काय लागेल ते शोधायचं कामही तिच्याच डोक्यावर पडतं. "सहाला पिठलं-भाकरी घेऊन येतेय, रात्री राहणार आहे, नको असेल तर सांग" एवढाच मेसेज टाक. नको म्हणाली तर डबा दारात देऊन परत ये. रागावू नकोस.

श्रीपाद७१: चोर सापडेपर्यंत घरातल्या कशालाही हात लावू नका, पुरावा जातो. आणि आधी कॅमेरा बसवून घ्या. मी माहिती पाठवतो.

निवृत्त_हवालदार: श्रीपादराव, पंचनाम्याआधी हात लावायचा नसतो हे खरं, पण चोर सापडायला महिने लागू शकतात. तोवर माणसांनी पसाऱ्यात राहायचं का? ओवीताई, तपासी अंमलदारांना एकदा फोन करून विचारा, ते हो म्हणाले की आवरायला घ्या. कपाटावर ठसे घेतल्याची काळी पूड असेल. ती आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका, मग साबणाच्या पाण्याने पुसा. आधीच ओलं फडकं लावलंत तर काळं सगळीकडे पसरतं.

दुसरं, फिर्याद दिली त्या रात्री सगळं आठवत नाही, आणि आता नवीन काही आठवलं तर आपणच खोटे ठरू असं लोकांना वाटतं. तसं नसतं, पुरवणी जबाब देता येतो. घरात एक वही ठेवा, आठवेल तसं तिने त्यात लिहावं, तुम्ही विचारू नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती आणायला आणि जबाबाला तुम्ही सोबत जा, ठाण्यातल्या बाकड्यावर एकट्याने बसणं जड जातं. आणि किल्ल्यांचा जुडगा घरातून गेला असेल तर नुसता कोयंडा बदलून भागणार नाही, कुलूपही बदला.

मीनल: आमच्याकडे झालं तेव्हा माझी जाऊ चार दिवस येऊन राहिली होती. गेलेल्या वस्तूंपेक्षा मला एकच गोष्ट खुपत होती, कुणीतरी माझ्या साड्यांच्या घड्या उलगडल्या होत्या. जाऊबाईंनी एक अक्षर न बोलता सगळ्या सुती साड्या भिजत घातल्या. दुपारभर आम्ही दोघी गच्चीवर पिळून वाळत घालत होतो. त्या रात्री पहिल्यांदा मला झोप लागली.

ओवी_नाशिक: काल जाऊन आले. जाईचाच मेसेज पाठवला, उत्तर आलं नाही, तरी गेले. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "भाकऱ्या किती आणल्यास?" स्वयंपाकघरात तांदळाचे, रव्याचे डबे ओट्यावर पालथे केलेले. लोक डब्यात दागिने ठेवतात हे चोरांना ठाऊक असतं. रविवारपासून तिने तिथे पाऊलच टाकलं नव्हतं, चहा बाहेरून आणत होते. अंमलदारांना फोन केला, ते म्हणाले आवरा. मी डबे घासले, तिने कोरडे केले. तांदूळ फेकायचा की निवडायचा यावर आम्ही पंधरा मिनिटं बोललो, शेवटी फेकला. मग ती आपणहून आईच्या पाटल्यांबद्दल बोलली. मी फक्त ऐकलं, किती तोळ्यांच्या ते विचारलं नाही. आज सकाळी सुतार येऊन गेला, तेव्हाही मी तिथेच होते.

आता मुलाचं विचारायचं आहे. तो बॅट उशाशी घेऊन, दिवा लावून झोपतो. शनिवारपर्यंत मी रात्री राहू शकते, पुढे काय?

जाई: दिवा राहू दे. बॅटही राहू दे.

मीनल: मी काढून घेतली असती. माझ्या मुलाला ती जवळ असली की जास्तच भीती वाटायची.

निवृत्त_हवालदार: नवऱ्याला काही दिवस फर्स्ट शिफ्ट मिळते का ते बघा. आणि रात्री दार त्या मुलालाच लावायला सांगा, वरची कडी, खालची कडी, त्याच्या हाताने.

ओवी_नाशिक: शिफ्टचं आज बोलते. बॅटचं त्यालाच विचारते.