प्रतिसाद: आधी होकायंत्र लावून बघा

"ऑटोमॅटिक घड्याळ परवापासून दिवसाला पाच मिनिटं पुढे पळतंय. सर्व्हिसिंगला टाकू का?"

थांबा, आधी होकायंत्र जवळ नेऊन बघा. सुई चांगलीच हलली, तर बहुधा चुंबकत्व शिरलंय. माझं घड्याळ रात्रभर टॅबलेटच्या चुंबकी कव्हरवर राहिलं होतं, तेवढं पुरलं. मग हेअरस्प्रिंगची, म्हणजे घड्याळातल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि घड्याळाचा वेग ठरवणारं चाक, बॅलन्स व्हील, भराभर झुलायला लागतं.

घड्याळजी चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरच्या कॉइलमध्ये घड्याळ धरून बटण दाबतो, आणि ते दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब नेतो. बटण त्यानंतरच सोडायचं! घड्याळ आत असताना सोडलं, तर चुंबकत्व जाण्याऐवजी नव्याने बसू शकतं. यानंतरही पळतच राहिलं, तर मग खुशाल उघडायला द्या.